पैसे ‘येण्यासाठी’ मी पिन टाकला आणि साडेचौदा हजार गेले

मी खानापूर तालुक्यातला. शेती आहे, चार जनावरं आहेत. माझ्यासारखी वेळ दुसऱ्या कुणावर येऊ नये म्हणून घडलं ते सगळं लिहितोय.

म्हशी कमी केल्यामुळे कडबाकुट्टी मशीन पडून होतं. पोरानं फोटो काढून जुन्या वस्तू विकायच्या अ‍ॅपवर टाकला, किंमत १४,५०० रुपये. तासाभरात फोन आला. हिंदीतून बोलणं, सुरुवातच “काका, जय हिंद” अशी. फौजेत आहे, बेळगावच्या कॅम्पात पोस्टिंग आहे, गावाकडच्या भावाला मशीन पाठवायचंय, असं त्यानं सांगितलं. आमच्या भागात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, घराघरात कुणी ना कुणी फौजेत. माझा चुलतभाऊ तिथूनच सुभेदार होऊन निवृत्त झाला. फौजी म्हटल्यावर संशय घ्यायचं मनातच आलं नाही. त्यानं घासाघीसही केली नाही.

“आधी दहा रुपये टाकून बघतो, खातं बरोबर आहे ना,” म्हणाला. खरोखर दहा रुपये आले. मेसेज वाजला, शिल्लक ३१,४७० झाली. त्या दहा रुपयांसाठी मला फोन उघडावाही लागला नव्हता. हे त्याच वेळी ध्यानात यायला हवं होतं.

मग त्यानं घरच्या दुसऱ्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅपला एक कोड पाठवला. “काका, मिलिटरीचं पेमेंट असंच येतं. त्या फोनवर कोड उघडा, तुमच्या फोननं स्कॅन करा, पिन टाकला की पैसे जमा.” बायकोनं तिचा फोन धरला, मी स्कॅन केलं. स्क्रीनवर १४,५०० आकडा आपोआप आला आणि खाली नोंदीत `Advance Credit` असं लिहिलेलं. नाव भलतंच दिसलं, तर म्हणाला ते आमच्या अकौंटंट साहेबांचं. पिनच्या पानावर वर `Sending` हा शब्द होता, पण माझी नजर सगळी त्या `Credit` वर. सहा आकडे टाकले. दोन-तीन सेकंद चक्र फिरलं, हिरवी खूण आली आणि मेसेज आला, खात्यातून १४,५०० वजा.

मी ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, “उलटी एंट्री पडली काका, होतं असं. दुसरा कोड पाठवतो, २९,००० एकदमच परत येतील.” सांगायला लाज वाटते, पण घाबरून मी तोही स्कॅन केला, पिनही टाकला. या वेळी व्यवहार अडला. कारण लिहिलं होतं, खात्यात पुरेशी शिल्लक नाही. माझे १६,९७० उरले होते. तेव्हा डोक्यात उजेड पडला. पैसे माझ्याकडे येणार असतील तर माझी शिल्लक कमी पडायचा प्रश्नच कुठे येतो? मी फोन कट केला.

नंतर बँकेत नोकरीला असलेल्या मेहुण्यानं बसून समजावलं, त्या दोन-तीन सेकंदांत नेमकं काय झालं ते. चौकोनी काळा-पांढरा कोड म्हणजे फक्त लिहिलेली एक ओळ. आमच्या कोडातली ओळ साधारण अशी होती, पत्ता झाकून देतोय:

```
upi://pay?pa=xxxxx@xxxx&am=14500&cu=INR&tn=Advance%20Credit
```

`pay` म्हणजे द्या. `pa` म्हणजे पैसे ज्याला जायचे त्याचा यूपीआय पत्ता, `am` रक्कम, आणि `tn` म्हणजे टीप. ही टीप कोड बनवणारा हवी ती लिहू शकतो. मला बँकेचा शब्द वाटलेलं `Advance Credit` हे त्या भामट्यानंच टाइप केलं होतं. नावाचं तसं नाही. ३० जून २०२५ पासून पैसे पाठवण्याआधी अ‍ॅपनं समोरच्याचं बँकेत नोंदलेलं नावच दाखवायचं, असा नियम आहे. म्हणजे अख्ख्या स्क्रीनवर खरी गोष्ट ते परकं नाव होतं, आणि मी तीच सोडून दिली.

पिनचं पान अ‍ॅपचं नसतं. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय संस्थेचा तो वेगळा तुकडा असतो. टाकलेला पिन तिथंच कुलूपबंद होतो, अ‍ॅपलाही दिसत नाही. तिथून विनंती एनपीसीआयकडे जाते, समोरचा पत्ता कुठल्या खात्याचा ते विचारलं जातं, आणि मग माझ्या बँकेला निरोप जातो, या खात्यातून इतके वजा करा. बँक पिन तपासते, शिल्लक बघते, वजा करते. त्यानंतरच समोरच्या बँकेला जमा करायचा निरोप जातो. आधी वजा, मग जमा. दुसऱ्या वेळी शिल्लक बघायच्या पायरीवरच गाडी अडली, म्हणून उरलेले वाचले.

मेहुण्याचं एक वाक्य मला पटलं. पिन म्हणजे पैसे काढायच्या स्लिपवरची सही. मी सारखा म्हणत होतो, “पण मी पिन कुणालाच सांगितला नाही!” सांगायची गरजच नव्हती. सही मी स्वतःच करून दिली होती. द्यायला पिन लागतो, शिल्लक बघायला लागतो, घ्यायला लागतच नाही.

मी विचारलं, बँक उलटी एंट्री करू शकत नाही का? वजा झाले पण समोर पोचलेच नाहीत, असा अडकलेला व्यवहार असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत पैसे आपोआप परत यावे लागतात, उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाईही आहे. पण माझा व्यवहार अडकला नव्हता, पूर्ण झाला होता. एकदा समोर जमा झाले की माझी बँक ते ओढून आणू शकत नाही.

फोन कट केल्यावर वीस मिनिटांत मी सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या सरकारी नंबरला फोन लावला. त्यांनी बँक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर विचारला. तो नंबर अ‍ॅपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. त्याच नंबरावरून पैसे कुठल्या खात्यात गेले आणि पुढे कुठे सरकले हे शोधत जातात, आणि जे अजून निघालेले नसतात ते तिथंच गोठवतात. माझ्या वीस मिनिटांत ८,३०० पुढे निघून गेले होते. ६,२०० सापडले, ते तिथंच गोठवले गेले. ते सोडवायला बेळगावला दोन हेलपाटे झालेत. भीतीनं गप्प बसून वीस मिनिटं घालवली नसती तर जास्त वाचले असते, असं तिथल्या हवालदारांनी स्पष्ट सांगितलं.

मशीन गेल्या महिन्यात चंदगडच्या एका शेतकऱ्यानं नेलं. अंगणात उभं राहूनच त्यांनी पैसे पाठवले. मी फोन खाटेवर ठेवून बसलो होतो. मेसेज वाजला, बायकोनं वाचून दाखवला, आणि आम्ही मशीन टेम्पोत चढवायला उठलो.