डॉक्युमेंटरीचं निवेदन: खुणा करून वाचावं की वाक्य उचलून बोलावं?

निवेदनाची संहिता हातात आली की तयारी करायच्या दोन वाटा असतात. पहिली म्हणजे कागदावर पेन्सिलीने खुणा करायच्या. थोडं थांबायचं तिथे एक तिरकी रेघ, श्वास घ्यायचा तिथे दोन, जोर द्यायचा त्या शब्दाखाली अधोरेखा. मग बूथमध्ये त्याबरहुकूम वाचायचं. दुसरी म्हणजे वाक्याचा एक तुकडा डोळ्यांनी मनात घ्यायचा, नजर कागदावरून उचलायची आणि समोर कुणीतरी बसलंय असं धरून तो बोलायचा. मग पुढचा तुकडा. पहिलीला मी खुणांची पद्धत म्हणतो आणि दुसरीला उचलून बोलण्याची. दोन्ही पद्धतींनी उत्तम निवेदन होतं आणि दोन्हींनी ते बिघडतंही. फक्त बिघाड वेगवेगळ्या जागी होतो, म्हणून निवड करण्याआधी त्या जागा कळायला हव्यात.

निवेदन वाचल्यासारखं वाटतं याचं मूळ बहुतेक वेळा श्वासात असतं. बोलताना आपण पुढच्या विचाराला पुरेल एवढाच श्वास घेतो आणि विचार संपला की थांबतो. वाचताना डोळ्यांना पूर्णविराम दूर दिसतो, म्हणून छाती गच्च भरली जाते. त्यामुळे वाक्याचा पहिला शब्द दाबाने बाहेर पडतो, आवाज हळूहळू उतरतो आणि शेवटाला हवाच उरत नाही. मराठीत हे जास्त महागात पडतं, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं आणि नकारही शेवटीच येतो. ‘या पाण्यात मासे जगत नाहीत’ यातला ‘नाहीत’ विरला तर ऐकणाऱ्याला उलटाच अर्थ लागू शकतो. त्याच्याकडे मागे जाऊन वाचायला कागद नसतो.

एक उतारा दोन्ही पद्धतींनी करून बघू. लोणारवरच्या माहितीपटाची संहिता आहे असं समजा. पडद्यावर विवराचं वरून घेतलेलं दृश्य आहे, साधारण तीस सेकंदांचं:

‘बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे उल्कापातामुळे बेसॉल्ट खडकात तयार झालेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर असून त्यातील सरोवराचे पाणी खारे आणि अल्कधर्मी आहे. जून २०२० मध्ये या सरोवराचा रंग अचानक गुलाबी झाला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा हा रंग हॅलोआर्किया या खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे आल्याचे आढळले.’

हे पन्नासेक शब्द आहेत. सावकाश मराठी निवेदनाला मी मिनिटाला शंभर ते एकशे दहा शब्दांचा हिशेब धरतो, म्हणजे मजकूर दृश्यात जेमतेम बसतो.

खुणांच्या पद्धतीत पहिलं वाक्यच अडचण करतं. ‘विवर’ हा मुख्य शब्द येईपर्यंत त्याची सगळी विशेषणं रांगेने येऊन जातात. नवा निवेदक ‘येथे’नंतर रेघ मारतो, ‘झालेले’नंतर मारतो, ‘व्यासाचे’नंतर मारतो, आणि प्रत्येक रेघेला सारखाच थांबतो. थांबे एकाच मापाचे झाले की ऐकणाऱ्याला कागद दिसायला लागतो. इथे श्वासाची खूण एकच हवी, ‘असून’नंतर, कारण विवराची गोष्ट तिथे संपते आणि पाण्याची सुरू होते. ‘झालेले’पाशी नुसतं रेंगाळायचं, हवा घ्यायची नाही. ‘असून’नंतरचा श्वास लहान असावा. ओठ किंचित उघडे, जबडा सैल आणि घसा मोकळा ठेवून तोंडाने घेतला तर तो आवाज न करता आत जातो. नाकाने घाईने ओढला तर माइकमध्ये सूं ऐकू येतं.

अधोरेखेचा नियम माझ्यापुरता असा आहे: एका श्वासात एकच जोर. कोणत्या शब्दावर, ते आधीच्या वाक्यावरून ठरतं. आधी ‘देशात उल्कापाताने झालेली विवरं मोजकीच आहेत’ असं सांगून झालं असेल तर उल्कापात जुना झाला, नवी गोष्ट आहे ‘बेसॉल्ट’. आधी नुसता लोणार गावाचा परिचय झाला असेल तर जोर ‘उल्कापातामुळे’ला जातो. म्हणून संहितेचा एकच परिच्छेद समोर ठेवून खुणा करू नयेत, मागचं पान बघावं. दुसऱ्या वाक्यात जवळपास सगळे ‘अचानक’वर तुटून पडतात. खरी बातमी ‘गुलाबी’ आहे, आणि मराठीत क्रियापदाच्या लगेच आधीच्या जागेला वजन आपोआप मिळतं. ‘अचानक’ सपाट जाऊ द्या, ‘गुलाबी’ स्वतःच वर येतो. शिवाय जोर म्हणजे मोठा आवाज नव्हे. शब्दाच्या आधी निमिषभर थांबणं किंवा तो शब्द थोडा लांबवणं पुरतं. आवाज चढवला की ती घोषणा वाटते.

आता हेच उचलून बोलू. तुकडा घ्यायचा, मान वर करायची, बोलायचं. पहिल्या वाक्याचं तोंडात काहीसं असं होतं:

‘हे लोणार. बुलढाणा जिल्ह्यातलं. हे विवर उल्कापातामुळे तयार झालंय, तेही बेसॉल्टच्या खडकात. व्यास सुमारे पावणेदोन किलोमीटर. आत सरोवर आहे आणि त्याचं पाणी खारं आहे, अल्कधर्मीही आहे.’

यात कागदाच्या खुणा नाहीत आणि त्यांची गरजही पडलेली नाही. ‘झालेले’चं ‘झालंय’ झालं, ‘खारे’चं ‘खारं’ झालं, ‘१.८’चा उच्चार करायला तोंड अडखळलं म्हणून ‘पावणेदोन’ आलं. श्वास विचारांच्या सांध्यावर आपोआप पडले. मला हे नेहमीच सुंदर वाटतं, कारण माणूस कुणाला तरी काहीतरी सांगायला लागला की ताल शिकवावा लागत नाही.

पण किंमतही बघा. छापील वाक्याचे तेवीस शब्द होते, इथे सव्वीस झाले आणि थांबे वाढले. तीन-चार सेकंद सहज जास्त लागतात आणि तेवढ्यात चित्र पुढच्या दृश्यावर गेलेलं असतं. ‘पावणेदोन’ हा आकडा संशोधकांच्या आकड्यापेक्षा किंचित कमी आहे, तो चालेल की नाही हे दिग्दर्शकाने ठरवायचं, निवेदकाने नव्हे. तिसऱ्या वाक्यात तर उचलून बोलणं धोक्याचंच आहे. ‘हॅलोआर्किया’ला ओघात ‘जिवाणू’ म्हटलं गेलं तर ती शास्त्रीय चूक होते, कारण आर्किया हा जिवाणूंपेक्षा वेगळा गट आहे. संस्थेचं नाव अर्धवट गेलं तरी वाक्य परत घ्यावं लागतं.

रिटेकमध्ये दोन्ही पद्धतींतला फरक आणखी उघड होतो. खुणा करून वाचलेलं वाक्य दुसऱ्या दिवशीही जवळपास त्याच उंचीवर, त्याच वेगाने येतं. ध्वनिमुद्रकाकडून मागचं वाक्य हेडफोनमध्ये ऐकायचं आणि पुढचं जोडायचं, जोड कळत नाही. उचलून बोललेल्या वाक्याची लय त्या क्षणाची असते. मधला एकच शब्द बदलायचा तर तो चिकटत नाही, परिच्छेद पहिल्यापासून घ्यावा लागतो. मान वरखाली होत असल्यामुळे माइकपासूनचं अंतरही हलतं आणि आवाज जवळ-लांब होतो. यावर उपाय सोपा आहे: कागद डोळ्यांच्या उंचीला स्टँडवर लावायचा, म्हणजे नजर उचलताना फक्त बुबुळं हलतात. खुणांच्या पद्धतीतही हेच करावं, कारण हनुवटी छातीकडे गेली की घसा आवळतो आणि आवाज दबतो.

मग निवडायचं काय? फिल्म तुमची स्वतःची असेल, तुम्ही तिथे राहून चित्रीकरण केलं असेल, निवेदन ‘मी’च्या भाषेत असेल आणि संकलन अजून सैल असेल, तर उचलूनच बोला. तिथे खुणा केल्या तर तुमच्याच आठवणी परक्या वाटतील. उलट संहिता दुसऱ्याची, चित्र सेकंदाला बांधलेलं, नावं आणि आकडे भरपूर, शिवाय स्टुडिओ तासावर घेतलेला असेल, तर खुणांशिवाय आत जाऊ नका.

या दोन्हींच्या मधलं काम असेल, आणि बहुतेक कामं तशीच असतात, तर माझं मत ठाम आहे: घरी उचलून बोला, स्टुडिओत खुणांवरून वाचा. घरी फोनवर स्वतःचं उचलून बोललेलं मुद्रित करा, ते ऐका आणि तुमचा श्वास जिथे आपोआप पडला तिथेच कागदावर रेघ मारा. व्याकरणाच्या स्वल्पविरामांकडे बघून मारू नका. ‘झालेले’ऐवजी ‘झालेलं’ असे बदल आधीच दिग्दर्शकाकडून मान्य करून घ्या. लेखी रूप ठेवून बोलका सूर लावणं फार थोड्यांना जमतं. लांब वाक्य दोन ठिकाणी तोडायची परवानगीही तेव्हाच मागा. लोणारचं पहिलं वाक्य ‘विवर आहे’पाशी तोडलं तर काही मिनिटांत दोन्ही बाजूंचा त्रास वाचतो.

कोणती पद्धत तुम्हाला लागू पडतेय हे तपासायला दोन्हींनी केलेला एक मिनिटाचा तुकडा संगणकावर शेजारी शेजारी उघडा. आवाजाच्या आलेखात वाक्यांमधल्या रिकाम्या जागा बघा. त्या सगळ्या एकाच रुंदीच्या असतील तर ते वाचन आहे, पद्धत कोणतीही असो. मग डोळे मिटून फक्त वाक्यांचे शेवट ऐका. ‘आहे’, ‘झाला’, ‘आढळले’ हे सगळे एकाच सुरावर खाली येऊन बसत असतील तर एका सोडून एका वाक्याचा शेवट किंचित वर, पुढच्या वाक्याकडे झुकलेला ठेवून बघा. पुढचं वाक्य जिथे त्याच विचाराचं कारण सांगतं तिथे तर हे हवंच. ‘गुलाबी झाला’ इथे सूर पूर्ण खाली आणू नका, कारण का झाला ते अजून सांगायचं आहे.

संकलनाच्या टेबलावर श्वास पुसण्याचा मोह दोन्ही पद्धतींत होतो. सगळे श्वास काढून टाकले की निवेदन गुदमरल्यासारखं लागतं, ऐकणाऱ्याला कारण कळत नाही पण अस्वस्थ वाटतं. ध्वनिमुद्रकाला सांगा की मोठे श्वास सहा ते दहा डेसिबलने खाली घ्यावेत आणि छोटे तसेच राहू द्यावेत. जिथे कापावंच लागेल तिथे पूर्ण शांतता न ठेवता त्याच खोलीची रिकामी हवा भरावी. त्यासाठी मुद्रण संपल्यावर बूथमधून बाहेर पडण्याआधी अर्धा मिनिट गप्प उभं राहून ती हवा मुद्रित करून घ्या.