विंग की फ्लोअर? छोट्या फॉर्म्युला गाडीत आधी पैसे कशात घालायचे

कोल्हापुरातल्या कॉलेजच्या एखाद्या फॉर्म्युला टीमकडे एरोसाठी थोडे पैसे जमले, की वाद ठरलेला: विंग लावायची की गाडीखाली व्हेंचुरी फ्लोअर करायचा? काम दोन्हींचं एकच, वजन फारसं न वाढवता टायर रस्त्यावर दाबायचे. विंग म्हणजे विमानाचा पंख उलटा करून लावलेला. फ्लोअर हवेला गाडी आणि रस्ता यांच्यातल्या अरुंद फटीतून पळवतो. तिथला दाब उतरतो आणि गाडी खाली खेचली जाते.

आधी विंगचा हिशोब. मागची विंग ०.८ चौरस मीटर आणि तिचा लिफ्ट गुणांक २ धरू. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, त्यामुळे उन्हात इथली हवा घनमीटरला जेमतेम १.१ किलो भरते. ताशी ६० किलोमीटरला दाब मिळतो साधारण २५ किलो. वेग निम्मा केला की दाब चौथाई, म्हणजे ३० ला फक्त ६ किलो. ब्रॅकेटसकट ७ किलोची विंग उंचावर टांगलेली असते, तिचं ओझं मात्र हेअरपिनमध्येही तेवढंच राहतं.

आणखी एक गोम आहे. विंग मागच्या चाकांच्याही अर्धा मीटर मागे असेल आणि व्हीलबेस १.५५ मीटर, तर मागच्या चाकांवर ३३ किलो वाढतात आणि पुढच्यांवरचे ८ कमी होतात. गाडी वळायला कुरकुरते. म्हणून मागची एकटी विंग घेऊ नका, पुढची जोडीनेच करा.

फ्लोअर कागदावर जास्त देखणा: ड्रॅग कमी, वजन तळाशी. १९७८ मध्ये लोटस ७९ ने याच जोरावर फॉर्म्युला वन गाजवलं, पण तिच्या कडांना रस्त्याला टेकणारे सरकते स्कर्ट होते. ते नसले की बाजूची हवा आत घुसते आणि खेच कमी होते. शिवाय सगळा खेळ उंचीचा. फ्लोअर खाली आणाल तशी खेच वाढते, पण एका हद्दीनंतर फटीत हवाच अडते आणि खेच एकदम पडते. ब्रेक लावल्यावर नाक खाली जातं, खेच पुढे सरकते, मागची चाकं हलकी होतात. स्प्रिंग मऊ असतील तर ड्रायव्हरला याचा अंदाजच येत नाही.

बिघाड शोधायलाही विंग सोपी. तिच्या खालच्या बाजूला लोकरीचे धागे चिकटवा, गाडी पळवा आणि शेजारून व्हिडिओ काढा. धागे सरळ मागे वाहिले तर ठीक. फ्लॅपवरचे गरगरले किंवा उलटे फिरले तर हवा सुटलेली आहे, कोन कमी करा. ब्रॅकेट सरकवायचं असेल तर उद्यमनगरात ते काम सहज होतं. फ्लोअरखाली असं डोकावता येत नाही.

त्यामुळे पहिल्या वर्षी माझं मत विंगच्या जोडीलाच. सस्पेन्शन कडक आणि भरवशाचं झालं, डँपरवर पोझिशन सेन्सर बसले, की मगच फ्लोअर. तेव्हा उंची ५०, ४०, ३० मिलिमीटर अशी बदलत सपाट रस्त्यावर ६० च्या स्थिर वेगाने फेऱ्या मारा आणि गाडी किती दबते ते सेन्सरवर बघा. ज्या उंचीला दबणं वाढायचं थांबून कमी होऊ लागलं, त्याच्या वरच राहा, आणि ब्रेकमध्ये नाक जितकं झुकतं तितकी जागा आणखी सोडा.