पुढचा पत्ता शब्दात लिहायचा की काउंटरवर सोडायचा?

मायक्रोकोडचा सिक्वेन्सर ठरवताना निवड मुख्यतः या दोन पद्धतींत असते. पहिलीत प्रत्येक मायक्रोइन्स्ट्रक्शन पुढचा पत्ता स्वतःच सांगते आणि अट तपासायची असेल तर कंडिशन बिट त्या पत्त्यात ओआर होतो. झेरॉक्सच्या आल्टोमध्ये असंच होतं: 32 बिटांच्या शब्दातले 10 बिट पुढच्या पत्त्याला दिलेले. दुसरीत पत्ता एरवी एकाने वाढतो आणि उडी मारायची तिथेच ब्रँच फील्ड कामाला येतं. एएमडीचा 2910 या घराण्यातला. मी दोन्ही पद्धतींनी छोटे प्रोसेसर बनवले आहेत.

वेगाचं म्हणाल तर पहिली सरस वाटते. कुठेही उडी मारा, जादा सायकल नाही. दोन कंडिशन बिट एकदम ओआर केले की एका झटक्यात चार वाटा मिळतात. काउंटरवाल्या पद्धतीत शब्द अरुंद ठेवायला ब्रँचचा पत्ता दुसऱ्या फील्डच्या जागी बसवला, तर उडीसाठी वेगळी सायकल जाते.

पण मला पहिली सोडायला लावली ती जागावाटपाच्या कटकटीने. समजा पत्ता 9 बिटांचा आहे आणि झीरो फ्लॅग सगळ्यात वरच्या बिटात ओआर होतो:

```
Z=0:  0x092 | 0x000 = 0x092
Z=1:  0x092 | 0x100 = 0x192
```

म्हणजे दोन्ही वाटा बरोबर 0x100 अंतरावरच हव्यात. आता दुसऱ्या एखाद्या तपासणीलाही Z=1 असताना 0x192 वरच यायचं असेल, तर तिची Z=0 ची वाट आपसूक 0x092 ठरते. ती नको असेल तर 0x192 वरच्या शब्दाची नक्कल दुसऱ्या जोडीत ठेवा. एक अट वाढली की अशी दोन-तीन ठिकाणी हलवाहलव होते. असेंब्लर जागा शोधून देतो हे खरं, पण डीबग करताना पत्ते वाट्टेल तसे उड्या मारताना दिसतात. शिवाय मूळ पत्त्यात तो बिट आधीच 1 असला, म्हणजे 0x192 लिहिलेलं असलं, तर फ्लॅग काहीही असो, वाट एकच. Z=1 ची चाचणी पास होते आणि दोष लपून राहतो. म्हणून दोन्ही वाटा तपासाव्याच लागतात.

काउंटरमध्ये अट खरी तर उडी, नाहीतर पुढचा शब्द. नियम एवढाच, आणि लिस्टिंग वरून खाली वाचता येतं.

ऑपकोडवरून सुरुवातीचा पत्ता काढताना मात्र ठरावीक सूत्र टाळलेलं बरं. चार बिटांच्या ऑपकोडमागे दोन शून्यं जोडली की प्रत्येक सूचनेला चारच शब्द मिळतात. छोट्या रूटीनमध्ये जागा वाया जाते, मोठ्यातून बाहेर उडी मारावी लागते. त्याऐवजी मॅपिंग प्रॉम घ्या: ऑपकोड हा त्याचा पत्ता, आत रूटीनची सुरुवात. रूटीन हलवलं तर एकच नोंद बदलायची.

सूचना मोजक्या, वाटा बऱ्याच आणि प्रत्येक सायकल मोलाची असेल, तर ओआरवाली पद्धत कदाचित तुम्हाला जास्त रुचेल. मायक्रोकोड अजून बदलत राहणार असेल, तर मी काउंटर आणि मॅपिंग प्रॉमच घेईन.