मास्टर पासवर्ड बदलला तरी आतली किल्ली तीच राहते: बिटवॉर्डनचा वापरानंतरचा अनुभव

गेले अनेक महिने मी बिटवॉर्डन हा पासवर्ड मॅनेजर रोज वापरत आहे. ऑटोफिल आणि सिंक व्यवस्थित चालतात, त्याबद्दल वेगळे लिहिण्यासारखे काही नाही. लिहायचे आहे ते मास्टर पासवर्ड बदलताना जे दिसले त्याविषयी. नोंदी शेकड्यांनी असूनही बदल क्षणात पूर्ण झाला. सगळ्या नोंदी नव्याने एन्क्रिप्ट होत असतील तर हे इतक्या झटपट व्हावे, हे मला पटेना. म्हणून ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये सर्व्हरकडून सिंकच्या वेळी येणारी माहिती, बदलाच्या आधीची आणि नंतरची, ताडून पाहिली.

तिथे प्रत्येक नोंदीचे नाव, युजरनेम, पासवर्ड, इतकेच काय संकेतस्थळाचा पत्तासुद्धा अशा एन्क्रिप्ट केलेल्या स्वरूपात असतो:

```
2.<iv>|<ciphertext>|<mac>
```

नोंदींच्या या ओळी जशाच्या तशा होत्या. बदलली होती ती खात्याच्या `key` समोरची ओळ. याचे कारण असे की मास्टर पासवर्डवरून बनणारी किल्ली नोंदींना थेट लागतच नाही. ईमेल हे सॉल्ट धरून, PBKDF2 या पासवर्डवरून किल्ली घडवणाऱ्या पद्धतीच्या मूळ सेटिंगनुसार 6,00,000 आवर्तनांनी ती आपल्याच उपकरणावर तयार होते, आणि तिच्या साह्याने उघडते ती खाते काढताना यदृच्छेने निर्माण झालेली दुसरी किल्ली. नोंदींचे कुलूप या दुसऱ्या किल्लीचे असते. लॉगिनसाठी सर्व्हरकडे जातो तो पहिल्या किल्लीवरून काढलेला हॅश. त्यावरून किल्ली उलट काढता येत नाही.

ही रचना मला मनापासून आवडते, पण तिचा एक परिणाम ठाऊक असायलाच हवा. समजा, मास्टर पासवर्ड कच्चा असताना कोणी सर्व्हरवरची प्रत चोरली आणि पुढच्या महिन्यात आपण तो बदलला. चोराच्या प्रतीत जुन्या पासवर्डने बंद केलेली दुसरी किल्ली आहेच. जुना पासवर्ड त्याला सवडीने, सर्व्हरला न विचारता, हुडकता येतो. आणि तो सापडला की पुढे कधी नवी प्रत हाती लागल्यास तीही त्याच किल्लीने उघडते.

म्हणून गळतीची शंका असेल तर पासवर्ड बदलताना खात्याची एन्क्रिप्शन किल्लीही बदलण्याचा पर्याय निवडावा. तेव्हा मात्र सगळ्या नोंदी नव्याने एन्क्रिप्ट होतात. त्याआधी इतर उपकरणांवरून लॉगआउट करावे, नाहीतर जुन्या किल्लीने केलेले बदल नोंदी बिघडवू शकतात. खात्याशी बांधलेली एन्क्रिप्टेड एक्स्पोर्ट फाइलही यानंतर उघडत नाही, त्यामुळे बॅकअप स्वतंत्र पासवर्डच्या फाइलमध्ये घ्यावा. चोरीला गेलेल्या प्रतीवर मात्र यातल्या कशाचाच परिणाम होत नाही. तिच्यातले पासवर्ड त्या त्या संकेतस्थळावर जाऊनच बदलावे लागतात, आणि त्यात ईमेलचा पहिला.