चार्जिंगची पिन बदलायला फोन दिला आणि 49,998 रुपये गेले

फोन चार्ज होईना म्हणून शनिवारी संध्याकाळी घराजवळच्या दुकानात दिला. खर्च 850 रुपये. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ताई, लॉक सांगून ठेवा, चेक करायला लागेल." मी सांगितलं. त्याने ते चार आकडे मास्किंग टेपवर लिहिले आणि टेप माझ्या डोळ्यांदेखत फोनच्या पाठीवर चिकटवली.

तिथेच हात धरायला हवा होता त्याचा! फोन लॉक असला तरी चार्जिंगचं चिन्ह दिसतंच. मग पिन तपासायला लॉक कशाला? पण मागे चारजण उभे होते, सगळेच लॉक सांगत होते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

सिम आतच होतं आणि गॅलरीत आधार कार्डाचा फोटो होता. यूपीआयचा पिन नव्याने ठेवायला आधारचे पहिले सहा आकडे आणि ओटीपी पुरतात. ओटीपी येणार त्याच फोनवर. रविवारी 24,999 रुपये दोनदा गेले. मेसेजही तिथेच आले, मला कळणार कसं? सोमवारी एटीएमवर 2,000 काढायला गेले, तर शिल्लक 1,137.

फोन द्यायच्या आधी सिम काढून घ्या, निदान एवढं तरी करा.

दुकानदार म्हणतो, पोरगा काम सोडून गेला. पोलीस चौकीत म्हणाले, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, आधी 1930 वर नोंदवा. ते नोंदवलं, तर बँकेतली मॅडम म्हणते, "लॉक तुम्हीच दिलंत ना, मग निष्काळजीपणा तुमचा." मी यूपीआयचा पिन कुणालाही दिलेला नाही, हे तिला तीनदा सांगितलं. लेखी द्या म्हणाली. लेखी दिलं, तर पोच द्यायला साहेब जेवायला गेलेले. दीड तास बसले मी तिथे.

वर फोन परत मिळाला तो रिसेट केलेला. गूगल खात्याची फुकटची 15 जीबी जागा कधीच भरली होती, गूगल फोटोजचा बॅकअप 2022 पासून बंद. अ‍ॅप रोज तसं दाखवत होतं, मी रोज पुढे सरकवत होते. आईचे शेवटच्या वर्षातले फोटो गेले.

चार्जिंगची पिनच बिघडली असेल तर केबलने कॉपी होत नाही हे खरं. पण बॅटरी 20 टक्के होती, क्विक शेअरने ह्यांच्या फोनवर सगळं पाठवता आलं असतं. पाठवल्यावर दुसऱ्या फोनवर दोन-चार फोटो उघडून बघा. सॅमसंगमध्ये मेंटेनन्स मोड आहे, पिक्सेलमध्ये रिपेअर मोड. तो लावला की दुरुस्ती करणाऱ्याला फोन चालवता येतो, तुमचे फोटो आणि अ‍ॅप दिसत नाहीत. हे मला चौकीतल्या एका हवालदाराने सांगितलं, पैसे गेल्यावर. स्क्रीनच फुटली असेल तर तो लावता येत नाही, तेव्हा डोळ्यांसमोर बसून काम करून घ्या.

आज सतरावा दिवस. पोर्टलवर तक्रारीपुढे अजून Under Process एवढंच दिसतं.