सिलीमारिनची गोळी सात-आठ महिने घेतल्यावरचा अनुभव (फॅटी लिव्हरवाल्यांनी पूर्ण वाचा)

मागच्या वर्षी सोयाबीन निघालं तेव्हा अंगात दमच राहत नव्हता म्हणून तालुक्याला जाऊन रक्त तपासलं, लिव्हरचं एन्झाइम एसजीपीटी वाढून ९२ आलं, सोनोग्राफीत ग्रेड २ फॅटी लिव्हर. दारू मी घेत नाही, पण वजन ८४ होतं आणि वावरातून घरी आल्यावर दर वेळी गोड चहा. डॉक्टरांनी सिलीमारिन १४० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा लिहून दिलं आणि वजन सात-आठ किलो उतरवा म्हणाले. गोळ्यांचा खर्च महिन्याला हजाराच्या वर जाते, गावात कित्येक जण ही गोळी नुसती मेडिकलमधून आणून खाऊन राहिले, म्हणून म्हटलं सविस्तर लिहावं.

आधी ही आहे काय ते. मिल्क थिसल म्हणून जांभळ्या फुलाचं काटेरी झाड आहे, मूळचं भूमध्य समुद्राकडच्या देशातलं, त्याच्या बियांचा अर्क म्हणजे सिलीमारिन. तो एकच पदार्थ नाही, चार-पाच पदार्थांचं मिश्रण आहे आणि त्यातला मुख्य सिलिबिनिन. एक गोष्ट इथंच सांगतो, आपल्या धुऱ्यावर पिवळ्या फुलाचा काटेधोत्रा असतो ना, त्याच्याही पानावर पांढऱ्या शिरा आणि काटे असतात, ते हे झाड नाही. काटेधोत्र्याचं बी विषारी आहे, त्याचं तेल खाण्याच्या तेलात मिसळलं गेलं की अंगाला सूज येऊन माणसं मेलेली आहेत. त्यामुळं घरी बी कुटून खायच्या भानगडीत अजिबात पडू नका.

लिव्हर वाचवते म्हणतात ते कसं, याचं सगळ्यात पक्कं उदाहरण युरोपातल्या विषारी अळंबीचं आहे. डेथ कॅप नावाची अळंबी खाल्ली की तिचं विष रक्तातून लिव्हरच्या पेशीत शिरते, आणि शिरायला पेशीच्या भिंतीवर जे ठरावीक दरवाजे असतात तेच सिलिबिनिन अडवून धरते. विष आत गेलं नाही तर पेशी वाचते. त्यासाठी तिकडं सिलिबिनिन सलाइनमधून देतात, गोळीतून नाही, आणि त्याचाही पुरावा रुग्णांच्या नोंदींवरून आलेला आहे, अर्ध्यांना औषध अर्ध्यांना खोटी गोळी असा प्रयोग अशा जीवघेण्या विषबाधेत कोणी करत नाही.

पण फॅटी लिव्हरमध्ये बाहेरून असं विष येत नाही. तिथं पेशीत चरबी साठते, ती चरबी जळताना घातक ऑक्सिजनचे कण तयार होतात, पेशी सुजते, आणि मग शेजारच्या स्टेलेट नावाच्या पेशी जाग्या होऊन जखमेवर व्रण धरावा तसे कडक धागे विणत जातात. त्यालाच फायब्रोसिस म्हणतात, पुढं जाऊन लिव्हर पार कडक झालं की सिरॉसिस. सिलीमारिन ते घातक कण टिपून घेते, पेशीला वाचवणारं ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य टिकवते आणि स्टेलेट पेशींना थोपवते असं प्रयोगशाळेत आणि उंदरांत दिसलेलं आहे. अडचण अशी की हे पाण्यात नीट विरघळतच नाही, आतड्यातून थोडंच आत येते, आणि जे येते ते लिव्हर स्वतःच पटकन रूप बदलून पित्तातून बाहेर टाकते. काचेच्या भांड्यात पेशींवर जेवढं औषध ओततात तेवढं तोंडाने घेतलेल्या गोळीतून रक्तात येतच नाही.

आता माणसांवरचं बघा. मलेशियात ९९ रुग्णांवर अभ्यास झाला, २०१७ मध्ये छापून आला, लिव्हरचा तुकडा काढून तपासलेला, त्यामुळं मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. डोस होता ७०० मिलिग्रॅम तीनदा, म्हणजे रोजचे २१००, ४८ आठवडे. आपली गोळी रोजची होते ४२०, म्हणजे पाचवा हिस्सा! आणि एवढ्या डोसवरही मुख्य कसोटीत, म्हणजे सूज-चरबीचा एकूण स्कोअर ३० टक्के उतरला का यात, सिलीमारिनवाले ३२.७ टक्के आणि खोट्या गोळीवाले २६ टक्के, हा फरक धरण्यासारखा नाही. फायब्रोसिस मात्र २२.४ टक्के लोकांत सुधारला, खोट्या गोळीत ६ टक्के. आशा ठेवण्यासारखं आहे, पण माणसं थोडी आणि मुख्य कसोटी नापास, म्हणून मोठ्या अभ्यासात परत दिसल्याशिवाय मी त्याला सिद्ध म्हणणार नाही.

दारूवाल्यांसाठी हे वेगळं लिहितो कारण याचं मला फार वाईट वाटते. आमच्या शेजारचे काका मलाच म्हणाले, “तू त गोळी घेऊन राह्यला ना बाबू, मंग काहून भेतं, आम्ही त रोज घेतो अन् वरून लिव्हरची गोळी घेतो.” काका, १९८९ मध्ये व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी सिरॉसिसच्या १७० रुग्णांवर ४२० मिलिग्रॅमचा अभ्यास छापला, चार वर्षांनी गोळीवाले ५८ टक्के जिवंत होते आणि बाकीचे ३९ टक्के, तेव्हापासून या गोळीचं नाव झालं. पण १९९८ मध्ये स्पेनमध्ये दारूने सिरॉसिस झालेल्या २०० जणांवर ४५० मिलिग्रॅमचा तसाच अभ्यास छापून आला, त्यात जगण्यात काहीच फरक पडला नाही. पिणं चालू ठेवून ही गोळी लिव्हर वाचवते याला कुठलाच आधार नाही, हे मी काकूंसमोर सांगितलं.

माझं म्हणाल तर पाचव्या महिन्यात एसजीपीटी ४१ आलं, वजन ७७. घरात सगळे म्हणाले गोळीचा गुण आला. पण त्याच काळात चहातली साखर बंद, रात्री भाताऐवजी एकच ज्वारीची भाकर, आणि सकाळी वावरापर्यंत गाडीऐवजी पायी जाणं हेही चालू होतं, मग कशामुळं उतरलं हे त्या एका रिपोर्टवरून कळणार कसं? सात किलो म्हणजे माझ्या वजनाचे आठ टक्के होतात. क्युबात २९३ रुग्णांवर वर्षभर फक्त खाणं-चालण्याचा अभ्यास झाला, त्यात ज्यांनी १० टक्के किंवा जास्त वजन उतरवलं त्यांच्यातल्या ९० टक्के लोकांची लिव्हरची सूज गेली, तेही कुठल्या गोळीशिवाय.

म्हणून आठव्या महिन्यात डॉक्टरांना विचारून गोळी थांबवली, खाणं आणि चालणं तसंच ठेवलं, तीन महिन्यांनी परत तपासलं तर एसजीपीटी ३९ आणि वजन ७६. माझ्या एकट्यावरून सगळ्यांना लागू होत नाही हे खरंच, पण माझ्यापुरतं तरी गोळी गेल्यानं काही बिघडलं नाही. डॉक्टरांनी एक बजावलं की एसजीपीटी म्हणजे पेशीतून गळलेलं एन्झाइम आहे, ते नॉर्मल आलं म्हणून आत धागे नाहीत असं नसते, त्यासाठी वय, एसजीओटी नावाचं दुसरं एन्झाइम, एसजीपीटी आणि प्लेटलेटवरून एक आकडा काढतात आणि तो १.३ च्या वर गेला तर नागपूरला लिव्हर किती कडक झालं ते मोजणारं फायब्रोस्कॅन करून घ्यायचं. माझा आकडा खाली होता.

त्रास म्हणाल तर सुरुवातीला थोडं पोट ढिलं राहिलं, बाकी काही नाही. पण ज्यांना गाजरगवताची ॲलर्जी आहे, निंदताना अंगाला खाज सुटते, त्यांनी घेण्याआधी डॉक्टरांना जरूर सांगा, मिल्क थिसल त्याच कुळातलं आहे. शुगरची गोळी चालू असेल तरी सांगा, कारण यानं शुगर थोडी उतरू शकते.