बांधाचा वाद: आधी पंच, आधी मोजणी की थेट दावा?

शेताच्या सामाईक बांधावरून दोन कुटुंबांत बोलणे थांबले की सोलापूर जिल्ह्यात साधारणपणे तीन वाटा सुचवल्या जातात. गावातील वडीलधाऱ्यांना पंच म्हणून बसवावे, तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी आणावी, किंवा दिवाणी न्यायालयात दावा लावावा. या तीन वाटा एकमेकींना पर्याय आहेत असे समजूनच बहुतेक लोक निवड करतात, आणि निवड तिथेच चुकते. हद्द कोठून जाते हा एक प्रश्न आहे आणि हद्द सरकली असेल तर पुढे काय करायचे हा दुसरा. पहिल्याचे उत्तर नकाशा देतो. दुसऱ्याचे उत्तर भूकरमापक देत नाही, आणि ते देण्यास जाणत्या माणसांइतके योग्य कोणी क्वचितच सापडते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊन तिन्ही वाटा तपासू. मोहोळ तालुक्यात सीना नदीच्या बाजूला दोन गट लागून आहेत असे समजा. त्यांची सामाईक हद्द 120 मीटर लांब आहे. रस्त्याच्या टोकाला मोजणीचा जुना दगड शाबूत आहे, पण ओढ्याकडील टोकाचा दगड केव्हाच नाहीसा झाला आहे. वरच्या रानाच्या कुटुंबाचे म्हणणे असे की खालच्यांनी दरवर्षी नांगरटीच्या वेळी बांध कोरत नेला. खालच्यांचे म्हणणे असे की काळ्या रानातला बांध पावसाने आपोआप ढासळतो आणि वहिवाट आजोबांपासून हीच आहे. वादातल्या पट्ट्यात खालच्यांचा ऊस उभा आहे, त्यांची पाइपलाइनही त्यातूनच जाते, आणि ओढ्याजवळ एक मोठा लिंब आहे.

प्रथम केवळ पंचांची वाट पाहू. पंच शिवारफेरी करतात, दगड पाहतात, म्हाताऱ्या सालगड्याला विचारतात आणि दोरी टाकतात. काम एका दिवसात होते, खर्च चहापाण्याचा, आणि दोन्ही घरांचे एकमेकांकडे येणे-जाणे टिकते. मात्र मोजणी हाताशी नसेल तर पंचांचा निर्णय जवळजवळ नेहमीच ‘अर्धे तुमचे, अर्धे त्यांचे’ असा होतो. आपल्या उदाहरणात ओढ्याच्या टोकाला तफावत साडेचार मीटर आहे, रस्त्याच्या टोकाला शून्य. म्हणजे पट्टा त्रिकोणी झाला आणि त्याचे क्षेत्र 120 गुणिले 4.5 भागिले 2, म्हणजे 270 चौरस मीटर किंवा 2.7 आर भरले. पंचांनी मध्यावर रेघ ओढली तर वरच्या कुटुंबाचे 1.35 आर कायमचे गेले आणि ज्याने बांध कोरला त्याला कोरण्याचे फळ मिळाले. हा निवाडा दिसायला समतोल असला तरी न्यायाचा नाही, आणि पुढच्या पिढीत वाद पुन्हा उकरला जातो तो बहुधा अशाच निवाड्यामुळे.

केवळ मोजणीच्या वाटेची अडचण वेगळी आहे. एका खातेदाराने अर्ज केला, शुल्क भरले, लगतच्या खातेदारांना नोटीस गेली, ठरलेल्या तारखेला भूकरमापक आला, त्याने हद्दीच्या खुणा दाखवल्या आणि काही दिवसांनी ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हाती आली. येथे अनेकांना वाटते की काम झाले. प्रत्यक्षात मोजणीने हद्द दिसते, ताबा मिळत नाही. शेजाऱ्याने खुणा दाखवताना सही करण्यास नकार दिला आणि दुसऱ्या दिवशी खुंट्या उपटून टाकल्या, तर हातात नकाशा राहतो आणि रान जिथे होते तिथेच राहते. शिवाय एकट्याने आणलेली मोजणी समोरच्याला नेहमीच ‘त्यांची मोजणी’ वाटते. तो निमताना मोजणी मागतो, म्हणजे वरिष्ठाकडून फेरमोजणी, आणि वाद बांधावरून कार्यालयात जातो.

एक तांत्रिक बाबही लक्षात ठेवावी. एकाच गटाची मोजणी केली तर त्या गटातील कमीजास्त क्षेत्र शेजाऱ्याच्या अंगावर ढकलले जात असल्याचा संशय राहतो. गट पाडताना झालेल्या एकत्रीकरण योजनेतील नोंदींमध्ये जागोजागी चुका राहिल्या आहेत, आणि कधी खरी सरक तिसऱ्याच बाजूच्या बांधावर झालेली असते. म्हणून दोन्ही गटांची मोजणी एकाच वेळी, दोन्ही कुटुंबांच्या अर्जाने व्हावी. खर्च वाढतो, पण ‘त्यांची मोजणी’ हा आक्षेप उरत नाही. वेळही पाहावी. उसाचे पीक डोक्याच्या वर गेले की दृष्टिरेषा मिळत नाही. रब्बी ज्वारी निघाल्यानंतर ते पावसापूर्वी हा काळ सोयीचा, आणि अर्ज त्याच्या पुष्कळ आधी करावा लागतो.

या दोन्ही वाटा एकत्र केल्या तर चित्र बदलते, आणि माझ्या मते बहुतेक कुटुंबांनी हीच रीत धरावी. पंच आधी बसवावेत, पण त्यांनी रेघ ओढू नये. पहिल्या बैठकीत त्यांनी तीनच गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात: दोघांनी मिळून मोजणी मागवायची, शुल्क निम्मे निम्मे भरायचे, आणि मोजणीची रेघ दोघांना मान्य राहील. मोजणी होईपर्यंत कोणी बांधाला हात लावणार नाही, हेही त्याच कागदावर यावे. पंचांचे खरे काम दुसऱ्या बैठकीत, नकाशा आल्यावर सुरू होते.

समजा मोजणीत ओढ्याकडे साडेचार मीटर सरक निघाली. आता पंचांसमोर जे प्रश्न आहेत त्यांचे उत्तर कोणत्याही नकाशात नाही. ऊस उभा आहे, तो कोणाचा? एकरी 40 टन उत्पन्न धरले तर त्या पट्ट्यात जेमतेम पावणेतीन टन ऊस निघेल, म्हणजे एवढ्यासाठी उभे पीक मोडण्यात अर्थ नाही. ज्याने लावला त्याने तोडून न्यावा, खोडवा मात्र ठेवू नये, आणि तोडणीनंतर पंधरा दिवसांत नव्या हद्दीवर बांध घालावा, असा निर्णय योग्य ठरेल. पाइपलाइन आता वरच्यांच्या रानात आली. ती उपटायची की राहू द्यायची? पंच सांगू शकतात की ती आहे तिथेच राहील, दुरुस्तीसाठी खालचे लोक पीक नसताना चर खोदतील आणि रान पूर्ववत करून देतील. लिंब कोणी तोडायचा नाही, पाला दोघांच्या शेळ्यांना. मागच्या वर्षांच्या उत्पन्नाची भरपाई मागण्याचा हक्क वरच्यांनी सोडावा, त्या बदल्यात नव्या बांधाची माती आणि मजुरी खालच्यांनी द्यावी. असा देवघेवीचा हिशेब न्यायालयात क्वचितच मांडता येतो.

पंच निवडताना मात्र फार काळजी घ्यावी लागते. तीन जण पुरेत: प्रत्येक कुटुंबाने एक सुचवावा आणि तिसरा दोघांनी मिळून. वय आणि मान एवढ्यावर कोणी तटस्थ ठरत नाही. जो एखाद्या कुटुंबाच्या विहिरीत किंवा विजेच्या डीपीत भागीदार आहे, ज्याचे त्यांच्याकडे उसने पैसे अडकले आहेत, किंवा ज्याच्या पॅनेलसाठी त्यातला एखादा ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत उभा होता, तो पंच नको. ज्याला जुना बांध आठवतो तो साक्षीदार आहे. त्याचे ऐकावे, पण त्याला निवाड्याला बसवू नये, कारण तो स्वतःच्याच आठवणीची बाजू घेणार. 15 ऑगस्ट 2007 पासून सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने अनेक गावांना समिती दिली आहे. तिचे व्यासपीठ वापरावे, पण समितीतील सगळेच सदस्य आपल्या वादात तटस्थ असतील असे गृहीत धरू नये.

कागदाबाबत पंचांकडून सर्वाधिक चुका होतात. तडजोडनाम्यात दोन्ही पक्ष मोजणीने दाखवलेली हद्द मान्य करतात एवढेच असेल, तर तो जुन्याच हद्दीचा स्वीकार आहे. पण ‘दोन गुंठे त्यांनी ठेवावेत आणि इतके पैसे द्यावेत’ असे लिहिले की ते जमिनीचे हस्तांतर झाले. नोंदणी अधिनियम, 1908 प्रमाणे असा दस्त नोंदवावा लागतो, आणि एवढा लहान तुकडा वेगळा काढण्यात तुकडेबंदीचा कायदाही आडवा येऊ शकतो. असे कलम घालायचे असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नये. दुसरी चूक त्याहून नेहमीची आहे: सही फक्त रान कसणाऱ्या भावांची असते, आणि सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव असलेल्या, सासरी नांदणाऱ्या बहिणींना कोणी विचारतच नाही. सातबाऱ्यावर जितकी नावे तितक्या सह्या नसतील तर तो कागद अपुरा समजावा. सगळ्यांच्या सह्या झाल्यावर तालुका विधी सेवा समितीमार्फत दाखलपूर्व प्रकरण म्हणून तडजोड लोकअदालतीत नेता येते. तिथला निवाडा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 21 नुसार दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा मानला जातो आणि त्यावर अपील नाही. नुसत्या नोटरी केलेल्या कागदाला ही ताकद नसते.

मग दाव्याची वाट कोणासाठी? दिवाणी दाव्यातही न्यायालय बहुधा मोजणीसाठी भूमी अभिलेखालाच कमिशनर नेमते, म्हणजे रेघ तीच निघते, फक्त ती मिळायला वर्षे लागू शकतात. तरीही काही परिस्थितींत पंचांची वाट पाहणे धोक्याचे आहे. शेजाऱ्याने नुकताच ट्रॅक्टर घालून बांध फोडला आणि बळाने ताबा घेतला असेल, तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम 6 खाली ताबा परत मागण्याची मुदत सहा महिनेच आहे. मामलतदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली तहसीलदारांकडे जायचे असेल तरी सहा महिन्यांच्या आत जावे लागते. ‘सुगी होऊ द्या, मग बसू’ म्हणत पंचांनी दोन हंगाम घालवले तर ही दोन्ही दारे बंद होतात. बैठका चालू आहेत म्हणून मुदत थांबत नाही. तसेच अतिक्रमण उघडपणे होऊन बारा वर्षे होत आली असतील, तर समोरचा प्रतिकूल कब्जाचा, म्हणजे इतकी वर्षे उघड ताबा असल्याने रान आता आपलेच झाले असा, मुद्दा काढू शकतो. अशा वेळी आधी दावा दाखल करावा आणि पंच नंतर बसवावेत. समोरच्याने ते रान विकायला काढले असेल तरीही आधी मनाई हुकूम मागावा. दावा लावल्याने तडजोडीचे दार बंद होत नाही, चालू दावाही लोकअदालतीत मिटवता येतो, एवढे वडीलधाऱ्यांना समजावून सांगितले की त्यांचा राग बहुधा निवळतो.

यापैकी काहीच नसेल, वाद जुना पण शांत असेल आणि दोन्हीकडे निदान एक माणूस बोलण्यास तयार असेल, तर पंच व संयुक्त मोजणी ही वाट धरावी. मोजणीच्या दिवशी पंच रानात हजर असावेत, भूकरमापकाने दाखवलेल्या प्रत्येक खुणेवर त्याच दिवशी, त्यांच्यासमोर दगड रोवावा. दगड दोन फूट खोल जावा आणि त्याखाली कोळसा व चुना घालावा. कोळसा कुजत नाही, त्यामुळे उद्या वरचा दगड कोणी हलवला तरी खालची खूण खणून काढता येते. रोवलेल्या दगडांची रस्त्याच्या टोकापासूनची अंतरे मीटरमध्ये तडजोडनाम्यात लिहावीत आणि त्याची एक प्रत तिसऱ्या पंचाकडे राहावी.